'माजो' म्हणणारा कैदी



संगीतावर बोलण्याचा अधिकार मला नाही. माझे शिक्षण गोदीच्या फाटकावर झाले आणि पुस्तके पुढे रात्रीच्या वेळी वाचली. पण साक्षी-पुरावा ही गोष्ट मला थोडीफार समजते. कामगारांच्या खातेनिहाय चौकशीत कामगाराच्या बाजूने उभे राहण्यात माझी तीस वर्षे गेली आहेत. साक्षीदार खोटे न बोलताही चुकीचे कसे सांगतो आणि चुकीचे सांगतानाही खरे कसे सांगून जातो, हे मी पुष्कळ पाहिले आहे. आज जी हकीकत सांगणार आहे तीत आरोपी नाही आणि चौकशी-अधिकारीही नाही. आहे ते एक गाणे, आणि पन्नासाहून अधिक वर्षांपूर्वी ते एकदाच ऐकलेला एक म्हातारा खलाशी.

आम्ही त्यांना तात्या म्हणतो. गाव मालवणजवळ. वय ऐंशीच्या पुढे. १९७० च्या सुमारास ते मालवाहू जहाजावर होते आणि जहाज दुरुस्तीसाठी इटलीतल्या एका बंदरात आठ-दहा दिवस अडकले होते. बंदर नेपल्स की जेनोआ, हे त्यांना सांगता येत नाही. एका अधिकाऱ्याने आपले तिकीट त्यांना दिले आणि तात्या आयुष्यात पहिल्यांदा व शेवटचे ऑपेरा पाहायला गेले. तिथे पाहिलेला एक प्रवेश ते आमच्या कचेरीत वर्षानुवर्षे सांगत आले. बंदिखान्यात एक माणूस रात्री काहीतरी लिहितो. मग उभा राहून गातो. नंतर एक बाई येते आणि पहाटे कैद्यांची हजेरी घेतात तेव्हा दुसऱ्याच बाईचे नाव पुकारले असता ही 'ओ' देते. ती दुसरी बाई लेकुरवाळी असते. तिच्या बदली ही मरायला जाते.

तरुण पोरे हसत. कुणी म्हणे तात्या सिनेमा आणि नाटक एकत्र करतात, कुणी म्हणे ही गोष्ट त्यांनी स्वतःच रचली. त्यांच्या घरातही हेच मत होते. दोन वर्षांपूर्वी ते आजारी पडले. मी भेटायला गेलो तेव्हा ते म्हणाले, "झिला, ता गाणा खयचा ता माका कळाक व्हया. मी खोटा नाय सांगलंय." म्हणजे प्रश्न केवळ गाण्याचा राहिला नव्हता, त्यांच्या शब्दाचा झाला होता.

ऑपेरा म्हणजे युरोपातले संगीत नाटक. फरक हा की आपल्या संगीत नाटकात पात्रे बोलतात आणि मधूनच पद म्हणतात. इटालियन ऑपेरात भांडणसुद्धा गाऊनच होते. त्यातही एखाद्या पात्राने एकट्याने म्हटलेले, स्वतंत्र उभे राहणारे पद असते, त्याला आरिया म्हणतात. तात्यांना हवी होती ती अशी एक आरिया. हाताशी तीनच गोष्टी होत्या : प्रवेशाची आठवण, आवाजाची जात आणि तीन शब्द. चाल त्यांना गुणगुणता येत नव्हती. प्रयत्न केला की दशावतारातलेच काहीतरी बाहेर पडे.

आवाजापासून सुरुवात केली. इटालियन ऑपेरात पुरुषांचे आवाज ढोबळमानाने तीन जातींचे. सगळ्यांत उंच तो टेनर, मधला बॅरिटोन, खोल तो बास. एकोणिसाव्या शतकात असा दंडकच पडून गेला होता की प्रियकर आणि नायक टेनर असायचा, त्याचा प्रतिस्पर्धी बॅरिटोन, आणि राजे, पुरोहित, म्हातारे बाप बास. त्यामुळे आवाज सांगितला की माणूस नाटकात कोण, हेही बरेचसे समजते. पण 'उंच आवाज होता का' असे विचारून उपयोग नाही. साक्षीदार तुमच्या तोंडाकडे पाहून हो म्हणतो. मी तात्यांना दोन गायकांच्या तबकड्या ऐकवल्या, एक टेनर आणि एक बॅरिटोन, आणि गोष्ट वेगळी असली तरी आवाज कुणासारखा होता एवढेच विचारले. क्षणाचाही वेळ न लावता त्यांनी टेनरकडे बोट केले. वर "बाप्याचो आवाज, पण वर जाताना फाटाक नाय," असेही म्हणाले. टेनरचे याहून चांगले वर्णन मी पुस्तकात वाचलेले नाही.

आता बंदिखान्यात रात्री लिहिणारा टेनर. इथे मी पहिली चूक केली, आणि ती सांगितल्याशिवाय पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. ऑपेराविषयी थोडे वाचलेल्या कुणालाही हे वर्णन ऐकून एकच नाव सुचेल : पुच्चिनीचे 'तोस्का'. रोम येथे १४ जानेवारी १९०० रोजी ते पहिल्यांदा रंगभूमीवर आले. त्यात कावारादोस्सी नावाचा चित्रकार सांत आंजेलो किल्ल्यात कैद आहे. पहाटे त्याला गोळी घालणार आहेत. पहारेकऱ्याला अंगठी देऊन तो कागद मागून घेतो, प्रेयसीला पत्र लिहायला बसतो, आणि चार ओळी होतात न होतात तोच आठवणींनी व्याकूळ होऊन गाऊ लागतो. 'ए लुचेव्हान ले स्तेल्ले' या नावाने ती आरिया जगभर प्रसिद्ध आहे. मी विजयी मुद्रेने तात्यांना ती ऐकवली. ते डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकत राहिले आणि म्हणाले, "आसात, आसात."

मला तेव्हाच सावध व्हायला हवे होते. ओळखपरेडीत एकच माणूस उभा केला तर साक्षीदार त्यालाच ओळखतो, आणि ज्याने मेहनत घेतली त्याचे मन मोडू नये म्हणून तर नक्कीच ओळखतो. 'असेल, असेल' ही ओळख नव्हे. घरी परत येताना लक्षात आले की मी फक्त जुळणाऱ्या गोष्टी मोजल्या होत्या. न जुळणाऱ्या बाजूला सारल्या होत्या. 'तोस्का'त कुणी दुसऱ्याच्या नावाला 'ओ' देत नाही. आणि तात्यांचे तीन शब्द मी अजून तपासलेच नव्हते.

ते तीन शब्द त्यांच्याच उच्चारात असे : 'आमोर', 'पोएता' आणि 'माजो'. शेवटच्यावर त्यांचा फार भर. "तो 'माजो' म्हणालो. आमच्यासारखोच. माका वाटला ह्यो मालवणीच बोलता." मालवणीत 'माझो' म्हणजे माझा, हे आपणांस ठाऊक आहेच.

परका शब्द कानाने कसा धरून ठेवला जातो, हे इथे नीट पाहण्यासारखे आहे. अर्थ कळत नसतो, म्हणून स्वतःच्या भाषेतला जवळचा शब्द शोधून कान त्यावर तो टांगून ठेवतो. 'माजो'चा तात्यांनी लावलेला अर्थ निरुपयोगी होता, पण आवाज मोलाचा होता, कारण ओळखीच्या खुंटीवर अडकल्यामुळेच तो पन्नास वर्षे टिकला. याउलट 'आमोर' म्हणजे प्रेम. हा शब्द इटालियन ऑपेरात इतक्यांदा येतो की त्यावरून काही शोधणे म्हणजे मराठी पदांत 'सखे' शोधण्यासारखे आहे. तो मी बाजूला ठेवला. 'पोएता' म्हणजे कवी. हा जरा उपयोगी, पण फसवणारा. कारण पुच्चिनीच्याच 'ला बोएम'मधला टेनर नायक रोदोल्फो हाही कवी आहे आणि आपल्या आरियेत तसे सांगतो. एकट्या 'पोएता'च्या मागे गेलो असतो तर पॅरिसच्या एका थंडगार माळ्यावर पोचलो असतो, आणि तिथे बंदिखाना नाही.

राहिला 'माजो'. इटालियनचे वाचन-नियम सोपे आहेत. शब्दांचा शेवट बहुधा स्वराने होतो, जोडव्यंजन दाबून उच्चारतात आणि 'जी' हे अक्षर 'ई'च्या आधी आले की मऊ 'ज' होते. या नियमाने 'माजो'चे मूळ 'माज्जो' असू शकते, आणि 'माज्जो' म्हणजे मे महिना. आता प्रश्न असा झाला : कवी असलेला, टेनर, बंदिखान्यात लिहिणारा, आणि मे महिन्याचे नाव घेणारा कोण?

त्याचे नाव आंद्रेआ शेनिये. उंबेर्तो जोर्दानो याचा हा ऑपेरा २८ मार्च १८९६ रोजी मिलानच्या ला स्काला नाट्यगृहात पहिल्यांदा झाला. फ्रेंच राज्यक्रांतीतली ही गोष्ट आहे. शेवटच्या अंकात पॅरिसच्या सँ-लाझार तुरुंगाच्या चौकात शेनिये दिव्याच्या उजेडात आपली शेवटची कविता पुरी करतो आणि शेजारी बसलेल्या रूशे या मित्राला वाचून दाखवतो. तीच ती आरिया, 'कोमे उन बेल दी दी माज्जो'. मे महिन्यातल्या एखाद्या सुंदर दिवसासारखा, असा या नावाचा अर्थ. नंतर त्याची प्रेयसी मादलेना येते, पहारेकऱ्याला दागिने देते आणि इदिया लग्रे नावाच्या तरुण आईची जागा घेते. पहाटे नावे पुकारतात तेव्हा त्या नावाला 'ओ' देते ती मादलेना. दोघे एकाच गाडीतून गिलोटीनकडे जातात.

तात्यांच्या गोष्टीतला एकही धागा सुटला नव्हता. 'पोएता' हा शब्दही त्याच आरियेत सापडला.

पण एकदा फसलेला माणूस मी. या वेळी परेड नीट घेतली. चार तबकड्या निवडल्या : 'तोस्का'ची ती आरिया, रोदोल्फोची, 'शेनिये'ची, आणि 'शेनिये'तलीच जेरार या बॅरिटोनची. नावे सांगितली नाहीत, क्रम चिठ्ठ्या टाकून ठरवला, आणि आधी काही न ऐकवता प्रवेशाविषयी प्रश्न विचारले. प्रश्न असे निवडले की दोन्ही तुरुंगांत उत्तरे वेगळी यावीत. कैदी एकटा होता की कुणी जवळ होते? गाताना कागद हातात होता की टाकून दिला होता? वर आकाश मोकळे होते का? शेवटी बंदुका वाजल्या का?

वेशभूषा आणि पडदे यांविषयी मी मुद्दामच काही विचारले नाही. ते दिग्दर्शकागणिक बदलतात. एखादा शेनियेला कोट घालील, एखादा उघड्या छातीने उभा करील. पण कागद वाचून दाखवणे, शेजारचा मित्र, नावे पुकारणे, हे संहितेतच आहे आणि नाटकमंडळी कोणतीही असो, त्याला सहसा हात लावत नाही. तात्या म्हणाले, कुणीतरी एक बाजूला बसला होता. कागद हातात होता, त्यावरूनच तो गात होता. आकाश आठवत नाही. बंदुका वाजल्या नाहीत, गाडी आली. यांतले एकही उत्तर 'तोस्का'शी जुळत नाही. तिथे चित्रकार किल्ल्याच्या गच्चीवर, तारकांखाली, एकटाच असतो. पत्र अर्धवट टाकून गातो. शेवटी गोळ्यांची फैर झडते आणि तोस्का कठड्यावरून उडी टाकते.

मग तबकड्या लावल्या. बॅरिटोनला त्यांनी लगेच हात हलवून नाकारले. 'तोस्का'ची आरिया आधी क्लॅरिनेटवर येते आणि गायक तिच्याखाली जवळजवळ बोलल्यासारखा सुरू करतो. ती लागली तेव्हा ते म्हणाले, "ह्या तू माका मागे ऐकवलंस." रोदोल्फोच्या वेळी गप्प राहिले. 'शेनिये' सुरू झाली, गायकाने दुसऱ्याच दमात 'माज्जो' म्हटले आणि तात्यांनी माझे मनगट धरले. ती संपेपर्यंत सोडले नाही.

ही ओळख पक्की म्हणायची का? वकिलाच्या तोंडाने बोलायचे तर एक त्रुटी राहतेच. मधल्या पन्नास वर्षांत ही आरिया त्यांनी रेडिओवर कुठे ऐकली असेल आणि ती मूळ आठवणीला चिकटली असेल, हे नाकारता येत नाही. पण रेडिओवर ऐकलेल्या आरियेला शेजारचा मित्र आणि हजेरीतली 'ओ' जोडून येत नाही. माझ्या मते निकाल चालीवर लागला नाही. तो आधीच, प्रश्नांच्या उत्तरांत लागला होता.

दोन तुरुंग एकमेकांसारखे का, हे मात्र मला स्वस्थ बसू देईना. शोध घेतला तर कारण अगदी माणसातले निघाले. दोन्ही ऑपेरांची संहिता लिहिणारा लुइजी इल्लिका हा एकच. 'तोस्का'त त्याच्या जोडीला ज्याकोझा होता, एवढेच. गंमत अशी की दोन्ही विषय आधी फ्रांकेत्ती या तिसऱ्याच संगीतकाराकडे होते. त्याने एक जोर्दानोला आणि दुसरा पुच्चिनीला सोडून दिला. पहाटे मरणाऱ्या कलावंताचा निरोप हा इल्लिकाच्या हातखंड्यातला प्रवेश होता. 'तोस्का'साठीही त्याने चित्रकाराच्या तोंडी कला आणि जीवन यांवर चिंतन घातले होते. पुच्चिनीला ते नको होते. मरणाच्या दारातला माणूस तत्त्वज्ञान सांगत नाही, बाईची आठवण काढून रडतो, असे त्याचे म्हणणे. आणि त्याने ते बदलून घेतले. म्हणून चित्रकार प्रेयसीला आठवतो, तर शेनिये मरताना आपल्या कवितेलाच अखेरची देवता म्हणून हाक मारतो. मला विचाराल तर पुच्चिनीला माणसे अधिक कळली होती. तात्यांचे मत याच्या उलट आहे. ते म्हणतात, जो काम पुरे करून उठला तो मोठा.

आता यापुढचा भाग, ज्यासाठी आजचे व्याख्यान इतिहासात धरावे अशी माझी विनंती आहे. सगळे सांगून झाल्यावर तात्यांनी विचारले, "पण ता घडला खरा?"

शेनिये खरा होता. आंद्रे शेनिये हा फ्रेंच कवी. ७ मार्च १७९४ ला पॅरिसजवळच्या पासी येथे पकडला गेला आणि सँ-लाझारमध्ये ठेवला गेला. तुरुंगात त्याने कागदाच्या अरुंद पट्ट्यांवर बारीक अक्षरात कविता लिहिल्या आणि धुवायच्या कपड्यांतून त्या बाहेर गेल्या, असे सांगतात. २५ जुलै १७९४ ला, वयाच्या एकतिसाव्या वर्षी, त्याला गिलोटीनखाली दिले. रूशेही कवीच होता, खराच होता, आणि त्याच दिवशी मारला गेला. दोनच दिवसांनी, २७ जुलैला, रोब्सपियेरची सत्ता कोसळली. शेनियेवरच्या आरोपपत्रात त्याच्या सोव्हर या भावाच्या गोष्टी मिसळल्या होत्या. एकाच्या चार्जशीटमध्ये दुसऱ्याचा बिल्ला नंबर घातलेला मी स्वतः पाहिला आहे. तेव्हा नोकरी जात होती; इथे मान जात होती.

मादलेना मात्र घडलेली नाही. तिला कुळाचे नाव मिळाले ते एमे द कॉन्यी या खऱ्या स्त्रीवरून. ती सँ-लाझारमध्ये होती, शेनियेने तिच्यावर कविता केली, आणि ती तुरुंगातून जिवंत सुटून १८२० पर्यंत जगली. कुणाच्या बदली ती मेली नाही. कुणी तिच्यासाठीही मेले नाही. इदिया लग्रे हीसुद्धा नाटकातलीच.

हे सांगताना मला वाईट वाटत होते, कारण तात्यांनी पन्नास वर्षे जपलेले होते ते नेमके हेच. त्यांचा शब्द खरा ठरला होता, पण त्यांनी पाहिले ते इल्लिकाने रचलेले होते. मग त्याच तुरुंगाची आणखी कागदपत्रे वाचताना एक हकीकत सापडली. शेनियेच्या दुसऱ्या दिवशी, २६ जुलैला, सँ-लाझारमधलाच लोइझेरोल नावाचा एक कैदी मारला गेला. त्याचा मुलगाही तिथेच कैद होता. असे सांगतात की नाव पुकारले ते मुलाचे. मुलगा झोपला होता. आणि बापाने 'ओ' दिली. पुढे सत्ता पालटली आणि मुलगा वाचला. ही हकीकत जगापुढे मांडली ती त्या मुलानेच, तेव्हा साक्षीदार नात्यातला आहे हे लक्षात ठेवायला हवे.

एवढ्या पुरवणीसह मी ती तात्यांना सांगितली. ते बराच वेळ बोलले नाहीत. मग त्यांनी नातवाकडून पेन मागवले आणि आपल्या जुन्या सी. डी. सी. च्या मागच्या कोऱ्या पानावर ते नाव देवनागरीत लिहून द्यायला सांगितले. मी 'लोइझेरोल' असे लिहिले. ते म्हणाले, त्याच्याखाली 'माजो' पण लिव. मी 'माज्जो' लिहू लागलो, तर त्यांनी माझा हात थांबवला आणि एक 'ज' काढायला लावला.